खान्देशात डिप घेताना आधी होकायंत्र तपास

धुळे-नंदुरबारकडच्या बेसाल्टच्या थरांचा डिप, म्हणजे उतार, मोजायला निघालास की पहिला घोळ होकायंत्रच घालतं. या दगडात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे सुई ओढली जाते. डाइकच्या, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या दगडी भिंतीच्या, उंचवट्यावर किंवा वीज पडलेल्या माथ्यावर तर जास्तच. दोन खुणा ठरवून अ वरून ब चं आणि ब वरून अ चं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, घे. दोन्हींत १८० अंशांचा फरक हवा. ६५ आणि २५२ आले, तर सात अंशांची गडबड आहे, जागा बदल. हातोडा, पट्ट्याचं बक्कल आणि मोबाइल लांब ठेव, हे वेगळं सांगायला नको.

इथले थर जवळजवळ आडवे. दोन लाव्हा थरांमधला लाल बोल, म्हणजे लाल मातकट पट्टा, सापडला, तर त्याच्या खडबडीत पृष्ठावर वही ठेव आणि वहीवर मोज, म्हणजे उंचसखलपणा सरासरीत जातो. स्ट्राइक, म्हणजे थरावरच्या आडव्या रेषेची दिशा, सापडत नसेल तर वहीच्या पुठ्ठ्यावर पाण्याचे थेंब सोड. ते वाहतात ती डिपची दिशा, तिला काटकोनात स्ट्राइक. समजा ओघळ १५५ कडे गेला, तर स्ट्राइक ६५. उताराचा कोन मोजणारा क्लिनोमीटर ओघळाच्या रेषेतच लाव. समजा ४ अंश आले. इतक्या कमी उतारावर डिप बरा येतो, पण स्ट्राइक सहज वीसेक अंश चुकतो. म्हणून एकाच थरावर चार-पाच ठिकाणी मोज.

नकाशावर जागेच्या बिंदूवर कोनमापकाने उत्तरेपासून ६५ अंशांची छोटी रेघ ओढ. तिच्या मध्यावर १५५ च्या बाजूला आखूड टिक, शेजारी ४. खान्देशात चुंबकीय आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभर फरक, तो इथे सोडलास तरी चालेल. रेघ मात्र जागेवरच ओढ. टिक उलट्या बाजूला पडली तर समोरच्या उताराकडे पाहून लगेच कळतं.