पिच डेकचं लँडिंग पेज करताना

प्रश्न: नागपुरात आमचं छोटं स्टार्टअप आहे, ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी डिजिटल पीओडी, म्हणजे माल उतरल्याची सही-शिक्क्याची पोच. ड्रायव्हर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो, आम्ही तो बिल्टीला जोडून पीडीएफ करून देतो. 12 स्लाइडचा पिच डेक तयार आहे, 31 ट्रान्सपोर्टर वापरताहेत. त्यावरूनच वेबसाइटचं एक पान करायचंय: हेडलाइन, फायदे, बटण. डेकचा मजकूर तसाच चढवला तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार, कारण डेक वाचणारा माणूस तुमच्या कंपनीत पैसे घालायला आलेला असतो आणि पान उघडणाऱ्याचे स्वतःचेच पैसे कुठेतरी अडकलेले असतात. बाजार किती मोठा, पाच वर्षांत तुम्ही कुठे असाल, स्पर्धक कोण, या स्लाइड सरळ काढा. किती गुंतवणूक हवी ती तर आधी काढा. नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टरनं ती वाचली तर त्याला एवढंच कळेल की यांच्याकडे पैसे नाहीत, उद्या दुकान बंद झालं तर माझे कागद कुठे शोधू?

बारापैकी तीन-चार स्लाइडच कामाच्या उरतील. त्यातली सगळ्यात मोलाची म्हणजे अडचणीची स्लाइड, कारण हेडलाइन तिथूनच निघते. फक्त ती तुमच्या भाषेत लिहिलेली असते. ‘विस्कळीत मालवाहतूक क्षेत्रात दस्तऐवजांच्या विलंबामुळे खेळतं भांडवल अडकतं’ असं काहीतरी असणार. हीच गोष्ट ट्रान्सपोर्टर कशी सांगतो? ‘गाडी खाली होऊन वीस दिवस झाले, पोच आली नाही, बिल कसं लावू?’ तुमच्या 31 जणांपैकी पाच जणांना फोन करा आणि विचारा, आमच्याकडे यायच्या आधी काय त्रास होता. ते बोलतील ते शब्दन् शब्द लिहून घ्या. ते ‘दस्तऐवज’ म्हणणार नाहीत, ‘पोच’ किंवा ‘पीओडी’ म्हणतील. पानावर तोच शब्द हवा. अर्धे जण हिंदीत बोलतील, नागपूरच आहे ते; मग हिंदी पान वेगळं करा, एकाच वाक्यात खिचडी नको.

आता हेडलाइन घडवून बघू. पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा असतो: ‘तुमचा ट्रान्सपोर्ट व्यवसाय डिजिटल करा’. यावर बिल्टी छापणारा, जीपीएस विकणारा, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकणारा, कोणीही आपलं नाव लावू शकतो, म्हणजे ती बाद. दुसरा: ‘पोच आता हरवणार नाही’. हा बरा आहे, पण हरवण्यापेक्षा उशिराचं दुखणं रोजचं. तिसरा: ‘माल उतरला त्याच दिवशी सही-शिक्क्याची पोच तुमच्या मोबाईलवर’. हा मी ठेवीन. खाली एकच ओळ: ‘ड्रायव्हर फोटो पाठवतो, पीडीएफ बिल्टी नंबरसकट तुमच्याकडे येते. कागद परत यायची वाट न बघता बिल तयार.’

‘बिल तयार’ म्हटलंय, ‘पेमेंट मिळेल’ म्हटलेलं नाही, हे बघा. ही चूक मी स्वतः केली आहे. अशाच एका कामात मी हेडलाइनमध्ये ‘सात दिवसांत पेमेंट’ लिहून मोकळा झालो. फोन भरपूर आले, पण प्रत्येक जण तेच म्हणायचा: ‘भाऊ, तुमचं सगळं बरोबर आहे, पण पार्टी ओरिजिनल कागद मागते न!’ काही कंपन्यांचं अकाउंट खातं मूळ प्रत आल्याशिवाय बिल पासच करत नाही, आणि ते ना माझ्या हातात होतं ना त्या स्टार्टअपच्या. दोन आठवड्यांनी ओळ बदलली. फोन कमी झाले, पण जे आले ते टिकले. जिथपर्यंत तुमचं काम पोचतं तिथपर्यंतच वचन द्या. आणि खाली, प्रश्नोत्तरांत, साफ लिहा: पार्टी मूळ प्रत मागत असेल तर ती पाठवावीच लागेल, पण ती येईपर्यंत बिल तपासायला देता येईल का, हे पार्टीला विचारा.

फायद्यांसाठी उपायाची स्लाइड घ्या आणि तिच्या प्रत्येक ओळीला दोनदा ‘मग?’ विचारा. ‘फोटोतून बिल्टी नंबर आपोआप वाचला जातो.’ मग? मुनीमजीला तो टाइप करावा लागत नाही. मग? महिनाअखेरीला रात्री बसून फाइली चाळायच्या नाहीत. इथे थांबा. तिसऱ्यांदा विचारलंत तर ‘निवांत आयुष्य’ वगैरे निघतं आणि ते कोणीही विकतं. असे तीन फायदे पुरे. फोटोत शिक्का, तारीख किंवा ‘दोन बोरे कमी’ असा शेरा नीट दिसत नसेल, तर ड्रायव्हर तिथं उभा असतानाच तुमची सिस्टीम पुन्हा फोटो मागत असेल, तर तो फायदा सगळ्यात वर घ्या. धूसर पोच लावलेलं बिल परत येतं, हे प्रत्येक ट्रान्सपोर्टरनं भोगलेलं असतं.

वाढीचा आलेख काढा, आकडा ठेवा: ‘31 ट्रान्सपोर्टर रोज वापरतात’. ‘रोज’ खरं नसेल तर तो शब्द काढा. त्यातल्या एकाचं, त्याची परवानगी घेऊन, नाव-गावासकट एक वाक्य टाका. टीमच्या स्लाइडमधून डिग्र्या उडवा. ऑफिसचा पत्ता आणि फोन नंबर ठेवा. नागपुरातला माणूस आधी हेच बघतो की हे बसतात कुठे.

बटणावर ‘डेमो बुक करा’ नको. ट्रान्सपोर्टर काही कॅलेंडर उघडून वेळ निवडत नाही, तो आत्ता गाडी भरतोय. त्याच्याकडून मागायची गोष्ट त्याच्या खिशात आधीच असलेली हवी: ‘आजची एक पोच पाठवून बघा’. बटण दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडावं, तो फोटो टाकेल आणि त्याचीच पोच पीडीएफ होऊन परत येईल. डेमो यातच झाला. लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=POD%201
```

नंबरच्या आधी अधिक चिन्ह किंवा शून्य लावू नका. पानाच्या तळाशी हेच बटण पुन्हा द्या, पण तिथे `POD%202` ठेवा. मेसेज आला की माणूस हेडलाइन बघूनच आला की सगळं वाचून, ते लगेच कळतं. दिवसाला तीस-चाळीस जण येत असताना दोन हेडलाइनची तुलना करायला बसू नका. एवढ्यावर निघालेला फरक योगायोगानंही पडू शकतो. त्यापेक्षा वाडीतल्या एखाद्या ऑफिसात जा, अनोळखी माणसाला मोबाईलवर पान पाच सेकंद दाखवा, फोन खाली ठेवा आणि विचारा, हे काय विकतात? ‘काहीतरी ॲप आहे’ असं उत्तर आलं तर हेडलाइन परत लिहा.

मोबाईलवर बघताना हेही तपासा की मथळ्याच्या दोन ओळी एकमेकींत घुसत नाहीत ना. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ओळींतलं अंतर कमी असतं आणि आपले वेलांटी-उकार कापले जातात, `line-height` 1.4 च्या आसपास ठेवलं की सहसा निभतं.

आणि तो व्हॉट्सअ‍ॅप नंबर रात्री नऊनंतरही कोणाच्या तरी हातात असू द्या. दिवसभर गाड्या भरून झाल्यावर मालक तेव्हाच मोबाईल बघतात.