घड्याळातला व्हीओटू मॅक्स कमी दिसतोय?

व्हीओटू मॅक्स म्हणजे पूर्ण जोरात असताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. घड्याळ हा वापरलेला ऑक्सिजन मोजत नाही. वेगावरून ते ऑक्सिजनचा खर्च धरतं, नाडी कमाल ठोक्यांच्या किती टक्के आहे ते बघतं आणि त्यावरून पूर्ण क्षमतेचा अंदाज बांधतं. गोची त्या कमाल ठोक्यांत आहे. बहुधा ते २२० वजा वय असे धरलेले असतात. समजा तुम्ही ४० वर्षांचे, म्हणजे १८०. पण खरी कमाल १९५ आहे. किलोमीटरला ६ मिनिटांच्या वेगात नाडी १५६ असेल, तर घड्याळाला ८७ टक्के जोर दिसतो, खरा असतो ८०. मग आकडा उगाच खाली येतो. म्हणून छातीचा पट्टा लावून चढावर जोरात धावताना दिसलेले सर्वाधिक ठोके सेटिंगमध्ये भरा. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उकाड्यात त्याच वेगाला नाडी चढते, तेव्हाची घसरण मी तरी धरत नाही.