स्केचअपमध्ये कपाटाचं मॉडेल करतोय. सगळं वेगवेगळ्या टॅगवर टाकलं की पुरतं ना? आणि फॉलो मीनं मोल्डिंग केली की भोकं का पडतात?

नाही पुरत. पुरतं असं सांगणारा माणूस ऑटोकॅडवालाच असणार, पैज लावतो.

सोलापुरातच एका इंटिरिअरवाल्याकडे मी कामाला होतो. तिथले सर म्हणायचे, "ग्रुप-बिप काय करायचे नाहीत, लेयर लाव की झालं." टॅगला तेव्हा लेयर म्हणायचे, २०२० च्या आवृत्तीत नाव बदललं. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटचं दोन दारांचं कपाट होतं. सरांनी दारांचा लेयर बंद केला आणि डावी उभी फळी ४० मिमी आत सरकवली. टॅग फक्त दाखवतो-लपवतो, वेगळं करत नाही. दाराची कड आणि फळीची कड ही एकच रेघ होती, त्यामुळे लपलेलं दारही गुपचूप ओढलं गेलं. डावं दार ४० मिमीनं अरुंद, उजवं होतं तसंच. प्रिंट मिस्त्रीकडं गेली, त्यानं त्याच मापानं प्लाय कापला. वर बोलणी मिस्त्रीलाच!

दार काढलं की लगेच कंपोनंट करा. दुसरं दार त्याचीच कॉपी, फ्लिप केलेली, म्हणजे एक बदललं की दोन्ही बदलतात. एखादंच वेगळं हवं असेल तर Make Unique. एकदाच येणाऱ्या फळीला ग्रुप चालतो. आतल्या रेघा कायम Untagged वरच ठेवायच्या, टॅग लावायचा तो बाहेरच्या कंपोनंटला. सरांना हे कधी पटलं नाही. माझ्या फायलीत मात्र फळी सरकवली की फळीच सरकते.

भोकांचं कारण बारीक रेघा. २ मिमी त्रिज्येची चतकोर गोलाई साधारण ३ मिमी लांब असते. तिचे १२ तुकडे केले की एकेक पाव मिमीचा होतो, आणि इतक्या छोट्या कडांवर स्केचअप पृष्ठभाग भरायचा सोडून देतं. आधी तुकडे ४ वर आणा. तरी भोकं पडली तर कपाटाच्या माथ्याची डावी, पुढची, उजवी कड आणि मोल्डिंगचा आकार एकाच कंपोनंटमध्ये घ्या. आकार डाव्या कडेच्या मागच्या टोकाला, कडेशी काटकोनात असू द्या. त्या कंपोनंटची कॉपी बाजूला ठेवून १०० पट मोठी करा. ती उघडून तिन्ही कडा निवडा, मग फॉलो मी घेऊन आकारावर क्लिक. मूळ कंपोनंट आपोआप तयार होतो, मोठी कॉपी पुसून टाका. पट्टी निळसर दिसली तर पृष्ठभाग उलटे झालेत, Reverse Faces करा.

एक राहिलंच. फॉलो मीची पट्टी कोपऱ्यासकट एकसंध येते, मिस्त्रीला मात्र तीन तुकडे लागतात. कटलिस्ट द्यायची असेल तर कोपऱ्यांवर ४५ अंशात कापून तिन्हींचे वेगळे कंपोनंट करा. नुसतं गिऱ्हाइकाला चित्र दाखवायचं असेल तर एवढा खटाटोप नको.