तारखेची जागा मोकळी

तुमची कथा वाचली. कामावर घेतानाच नव्या कारकुनाकडून बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेतात, हा विषय पक्का आहे, पण सुरुवात फार लांबून केलीय. गावाकडची शेती, बहिणीचं लग्न, ती दोन पानं काढून टाका. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर कारकून पहिल्या दिवशी पायरी चढतो, तिथूनच धरा.

राजीनाम्याचा कागद मात्र जवळून दाखवा. ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’ एवढंच टाइप केलेलं, तारखेच्या जागी टिंबं. मेख तिथेच आहे. मालक हवी तेव्हा तारीख भरणार, आणि कागद म्हणणार की हा आपणहून गेला. हे कुणाच्या तोंडून समजावू नका. कारकून सवयीने सहीखाली तारीख घालायला जातो आणि म्हातारे दिवाणजी त्याचं मनगट धरतात: “तारीख नको, बाळ. सगळ्यांचे तसेच आहेत.” झालं, वाचकाला कळलं.

नवखे हमखास दोन ठिकाणी घसरतात. मालकाला खलनायक करतात. तुमचा मालक चहा मागवू दे की! आणि शेवटी नायक कागद फाडून भाषण ठोकतो. तुमच्या मसुद्यातही तेच झालंय. पगाराची गरज असलेला माणूस बहुतेकदा सही करतो. त्याने ती कशी केली, ते लिहा. निवेदक बदलायचे प्रयोग सध्या राहू द्यात.