रक्ताच्या वहीत मिली लिहाच
ताई, थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त लागणाऱ्या तुमच्या बाळाला पुण्यात रक्त एका रुग्णालयात चढत असले आणि तपासण्या दुसऱ्याच लॅबमध्ये होत असल्या, तरी नोंद एकाच वहीत ठेवा: तारीख, वजन, रक्त चढवण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन आणि प्रत्यक्ष चढलेले मिली. नवे पालक बहुधा नुसते ‘एक पिशवी’ लिहितात आणि मग लोहाचा हिशेबच लागत नाही. १२ किलोच्या बाळाला १८० मिली लाल पेशी दिल्या, तर सुमारे ११५ मिलिग्रॅम लोह आत जाते. शरीराला ते बाहेर टाकता येत नसल्याने ते यकृतात व हृदयात साठत जाते.

साठलेल्या लोहाचा अंदाज देणारे रक्तातले फेरिटिन संसर्गाच्या तापातही वाढते, म्हणून आकड्याशेजारी ताप होता का तेही लिहा. फेरिटिन १००० च्या पुढे राहू लागले, किंवा १० ते २० वेळा रक्त चढले, की लोह काढणाऱ्या औषधाविषयी डॉक्टरांना विचारा. मूल हसतेखेळते आहे म्हणून थांबू नका.