मैत्रिणीच्या मुलाबद्दल मैत्रिणीला कसं सांगावं?

प्रश्न: माझ्या जवळच्या मैत्रिणीचा सहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला की कपाटं उघडतो, सोफ्यावर उड्या मारतो, माझ्या लेकीला ढकलतो. मैत्रीण बघूनही काही बोलत नाही. मैत्री न बिघडवता तिला कसं सांगू?

उत्तर:

आधी एक विचारते. तो सोफ्यावर उड्या मारत होता आणि मैत्रिणीने ओशाळून तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? माझा अंदाज आहे, "असू दे गं, लहान आहे." मी तरी सहा महिने हेच म्हणत होते.

आम्ही डोंबिवलीत राहतो. दोन खोल्या, हॉल, किचन, आणि एका खोलीत सासरे. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण दोन इमारती सोडून राहते. दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ती मुलाला घेऊन यायची. त्याला इथे चिंटू म्हणू. चिंटू तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. आल्या आल्या चप्पल एक इकडे, एक तिकडे, आणि मग घरभर फेरी. फ्रिज उघडणं, ड्रॉवर ओढणं, माझ्या लेकीच्या रंगाच्या पेट्या पालथ्या करणं, हे सगळं मी "असू दे"मध्ये चालवून घेतलं.

मग एका शनिवारी त्याने सासऱ्यांचा गोळ्यांचा डबा उघडला. आठवड्याच्या वारांचे कप्पे असतात ना, सकाळ-दुपार-रात्र असे, तो डबा. मी रविवारी रात्री आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवते. चिंटूने उरलेल्या सगळ्या गोळ्या एका वाटीत काढल्या आणि भातुकलीतल्या चमच्याने ढवळत बसला. त्यातल्या दोन गोळ्या दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. एक बीपीची, एक शुगरची. मैत्रीण हसून म्हणाली, "अरे बापरे, डॉक्टर होणार वाटतं हा!" आणि माझ्या तोंडून, सवयीने, "असू दे गं" निघून गेलं. रात्री दहा वाजेपर्यंत मी आणि नवरा स्ट्रिप्स समोर ठेवून गोळ्यांवरची अक्षरं जुळवत होतो. ज्या ओळखू येईनात त्या सरळ टाकून दिल्या. त्याने एखादी तोंडात घातली नव्हती ना, हे मोजून बघताना माझे हात थरथरत होते.

त्या रात्री लक्षात आलं की मैत्रिणीला माझ्या घरात काय चालत नाही हे कळायला काही मार्गच नव्हता. मी दर वेळी तिला तोंडाने सांगत होते की चालतंय. ती बेफिकीर आहे असं मी धरून चालले होते, आणि ती बिचारी माझ्या शब्दावर विश्वास ठेवत होती.

तरीही पुढच्या शनिवारी मी सरळ बोलले नाही. लेकी बोले सुने लागे केलं. चिंटू सोफ्यावर नाचायला लागला तशी मी माझ्या लेकीवर ओरडले, "सोफा काय नाचायला असतो का?" ती खाली बसून चित्र रंगवत होती. तिने वर बघून विचारलं, "मी काय केलं?" मैत्रिणीचा चेहरा पडला. तिला टोमणा कळला, पण टोमण्याला उत्तर देता येत नाही. ती लवकर उठून गेली, पुढचा शनिवार आली नाही. सूचक बोलण्याचा हा तोटा आहे. दुखावायचं ते दुखावतं आणि बदलत काहीच नाही. माझ्या लेकीला उगाच बोलणी बसली ती वेगळीच.

मग मी तिला बुधवारी फोन केला आणि म्हटलं, भाजी आणायला जायचंय, येतेस का. मुद्दाम बुधवार. प्रसंग होऊन राग ओसरलेला असतो आणि पुढच्या भेटीला अजून दोन-तीन दिवस असतात. तिला घरी जाऊन विचार करायला वेळ मिळतो. आणि चालता चालता बोलणं सोपं जातं, सारखं एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हे चुकूनही लिहू नका. लिहिलेलं ती सहा वेळा वाचेल, दर वेळी तुमचा आवाज आणखी कडक ऐकू येईल, आणि तिसऱ्यांदा वाचताना ती ते नवऱ्याला दाखवेल. नवऱ्यांसमोर, सासूसमोर, मुलासमोर तर नकोच. चारचौघांत सांगितलं की आईला काहीतरी करून दाखवावंच लागतं, आणि आपल्याकडे ते करून दाखवणं म्हणजे मुलाच्या पाठीत धपाटा. मार त्याला आणि अपराधी तुम्ही.

मी साधारण असं म्हणाले: "अगं, एक सांगायचंय, आणि आधी सांगायला हवं होतं. चूक माझी, मीच दर वेळी असू दे म्हणत राहिले. त्या दिवशी चिंटूने बाबांच्या गोळ्या मिसळल्या ना, त्यानंतर मी खरंच घाबरलेय. एखादी त्याने खाल्ली असती तर? तो आला की आता माझं अर्धं लक्ष त्याच्या मागे असतं, तुझ्याशी धड बोलणं होत नाही. आपण काहीतरी ठरवूया का?"

यात "तो फार मस्तीखोर आहे", "त्याला वळण नाही" असं काही नाही. एक प्रसंग, त्यातला धोका, माझी अडचण. "वळण" हा शब्द तर काढूच नका. त्या एका शब्दात आपल्याकडे आईचं माहेर, सासर, नोकरी सगळं आरोपी होतं. "माझी मुलगी या वयात अशी नव्हती" हेही नको. आणि "डॉक्टरांना दाखवलंस का" हे तर अजिबात नको. मूल तुमच्याकडे आठवड्यातून दोन तास असतं, तेही दमलेलं, आणि त्यावरून आपण निदान करू शकत नाही. शाळेतून काही सांगितलं असेल तर ते तिला आधीच ठाऊक असतं. सांगायचं असेल तर ती सांगेल.

मी फक्त गोळ्यांचं बोलले हेही मुद्दाम. फ्रिज, रंगपेट्या, चपला, सगळं मनात साठलेलं होतं. पण सहा महिन्यांची यादी वाचून दाखवली असती तर तिला वाटलं असतं, ही प्रत्येक शनिवारी मनात लिहीत बसली होती. तुमच्याकडे लेकीला ढकलण्याचं आहे, तर तेवढंच घ्या. सोफा सोडून द्या.

ती थोडा वेळ गप्प होती. मेथीच्या जुड्या उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "त्याला सगळीकडे ओरडाच पडतो गं. शाळेत, घरी सासूबाई. तुझ्याकडे आलं की मला वाटतं, इथे तरी कोणी काही म्हणत नाही, मी जरा टेकते." म्हणजे ती लक्ष देत नव्हती, कारण आमचं घर हीच तिची सुट्टी होती. हे ऐकेपर्यंत मला ते सुचलंही नव्हतं.

समजा तुमची मैत्रीण "मुलंच ती, चालायचंच" म्हणाली, तर वाद घालू नका. मी असते तर म्हटलं असतं, "हो ना, मूलच आहे, म्हणून तुला सांगतेय. मी त्याच्यावर चिडायला लागले तर ते मला आवडणार नाही."

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, यायची वेळ. साडेसहाला यायचा तेव्हा चिंटू दुपारी न झोपलेला, भुकेला, आणि दिवसभर घरात कोंडलेला असायचा. आता ते साडेचारला येतात, आल्या आल्या पोळीचा लाडू नाहीतर उपमा असं काहीतरी पोटभरीचं देते, आणि सहाच्या आत निघतात. अर्धी मस्ती इथेच संपली, माझाही विश्वास बसला नाही. दुसरं, सासऱ्यांच्या खोलीला कडी, आणि गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर. हे मी त्याच्यामुळे नव्हे, आधीच करायला हवं होतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मी तिला विचारलं, "माझ्या घरात मी त्याला सरळ सांगितलं तर तुला चालेल ना? तुझ्यासमोरच सांगेन." ती हो म्हणाली. ही परवानगी तुम्ही नक्की मागून घ्या, कारण ती मिळाली की दर वेळी आईमार्फत बोलावं लागत नाही. पुढच्या शनिवारी चिंटू आला तेव्हा मी गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, "चिंटू, आजोबांच्या खोलीत आपण विचारून जायचं. उड्या मारायच्या तर ही गादी." हॉलच्या कोपऱ्यात एक जुनी गादी टाकून ठेवली होती. "उड्या मारू नको" म्हटलं की मुलाच्या कानात फक्त "उड्या" राहतं. कुठे मारायच्या ते सांगितलं तर तो तिकडे जातो. पहिल्या दिवशी चार वेळा सांगावं लागलं. त्याने विचारलं, "मावशी, तू रागावलीस?" मी म्हटलं, "नाही, पण मी सांगत राहणार."

मारण्या-ढकलण्याचं मात्र बुधवारपर्यंत थांबवून ठेवू नका. ते त्याच क्षणी. मध्ये जाऊन हात धरायचा, आवाज न चढवता "ढकलायचं नाही, दुखतं" म्हणायचं, आणि आधी तुमच्या लेकीकडे बघायचं. त्याची आई समोर असली तरी. नाहीतर तुमची लेक शिकते की पाहुण्यांनी ढकललं तर सहन करायचं असतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्ये एकदा त्याने लेकीची पाण्याची बाटली बाल्कनीतून खाली टाकली. त्या दिवशी भेट तिथेच संपवली आणि आम्ही सगळे खालच्या बागेत गेलो. कधी घरात जमतच नसेल तर भेटी बाहेर करायच्या. त्याने मैत्री कमी होत नाही.

त्या बुधवारी परत येताना, लिफ्टपाशी, ती म्हणाली, "आता तू बोललीसच आहेस तर मीही सांगू?" माझी लेक तिच्याकडे गेली की म्हणे सरळ किचनमध्ये जाऊन डबे उघडते, आवडलं तर खाते, आणि एकदा तिच्या सासूबाईंच्या उपासाचे बटाट्याचे पापड अख्खे संपवले. मी विचारलं, मग तू तेव्हा काय म्हणालीस?

"असू दे म्हटलं," ती म्हणाली.