शाळिग्रामातला 'शंख' आणि खोल्यांचं गाव

प्रश्न : मित्राने मुक्तिनाथहून फोटो पाठवला आहे. काळा गोटा फुटून दोन भाग झालेत, आत वेटोळं घातलेला कंगोरेदार शंख आहे, कडेला सोनेरी चमक दिसते. त्याने खाली 'शंखाचा जीवाश्म' लिहिलंय, घरचे शाळिग्राम म्हणतात. बरोबर शब्द कोणता? आणि त्या दगडावरून प्राण्याबद्दल काय सांगता येतं?

शंख नव्हे. वेटोळं दिसलं की 'शंख' लिहून मोकळं व्हायची खोड वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपर्यंत पोचली आहे, म्हणून हे आधी मिटवतो. शंख हे गोगलगायीच्या कुळातल्या प्राण्याचं घर. ते मळसूत्रासारखं एका बाजूला उतरत जातं आणि आतून सलग पोकळ असतं. तुमचं वेटोळं एकाच पातळीत आहे, जमिनीवर ठेवलेल्या चुंबळीसारखं, आणि त्याच्या आत भिंती आहेत. हा अमोनाइट. नात्याने माकूल आणि ऑक्टोपसच्या जवळचा, 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांच्या बरोबरच संपलेला. 'जीवाश्म' मात्र बरोबर आहे. (पहिली वेलांटी ऱ्हस्व काढणाऱ्यांशी पुन्हा कधीतरी भांडेन.)

भिंती कुठे दिसतात? फोटो मोठा करा. जाड कंगोऱ्यांकडे दुर्लक्ष करून त्यांच्यावरून जाणाऱ्या बारीक, झालरीसारख्या नागमोडी रेषा शोधा. आतला प्रत्येक पडदा कवचाला जिथे चिकटलेला होता, तिथली ही शिवण. ती कवचाच्या आतल्या बाजूला असते, म्हणजे बाहेरून दिसत असेल तर वरचं कवच निघून गेलंय आणि आपण पाहतोय ती आत भरलेल्या गाळाची किंवा खनिजाची ओतीव प्रतिकृती. गोट्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे तो ठसा. लोक या दोन्हींना सरसकट 'सांगाडा' म्हणतात, तेव्हा माझं डोकं उठतं.

प्राणी राहायचा फक्त सगळ्यात बाहेरच्या, मोठ्या खोलीत. वाढताना तो पुढे सरकायचा आणि मागे नवी भिंत घालायचा. मागच्या खोल्यांमधून, वेटोळ्याच्या बाहेरच्या कडेलगत, एक नळी जायची. तिच्यातून खोल्यांमधलं पाणी काढून घेतलं जायचं, तिथे वायू भरायचा आणि कवच पाण्यात तोललेलं राहायचं. म्हणून शिवणी कुठे थांबतात ते पाहा. शेवटचा भाग शिवणीविना असेल तर ती राहती खोली. शिवणी पार तुटक्या टोकापर्यंत गेल्या असतील, तर राहती खोली गळून पडली आहे आणि प्राणी फोटोत दिसतो त्याहून मोठा होता.

आता मुद्द्यावर येतो, शाळिग्राम. कोशकार सांगतात की शालग्राम हे गंडकीकाठच्या तीर्थाचं नाव, शाल वृक्षांचं गाव, आणि तिथला दगड तो शालग्राम. काही मंडळी 'शालि' म्हणजे साळीचा भात काढतात. मुक्तिनाथ ज्या मुस्तांग भागात आहे, तिथल्या त्या उजाड वाऱ्यात भाताची खाचरं यांनी कुठे पाहिली? माझं मत वेगळं आहे. शाला म्हणजे खोली, आणि ग्राम म्हणजे समूह. इंद्रियग्राम, भूतग्राम, गुणग्राम आठवा. शालाग्राम म्हणजे खोल्यांचा समूह! अमोनाइटचं याहून नेमकं वर्णन दोन शब्दांत करून दाखवावं. एका व्याकरणप्रेमी स्नेह्यांनी मला सुनावलं, "शालाचा आ ऱ्हस्व का झाला ते आधी सांगा, मग कविता करा." मान्य, आधार नाही, आणि ग्रंथांचं वजन स्थळनामाच्याच पारड्यात आहे. पण पुराणांतली वज्रकीटाची कथा काय सांगते? एक किडा दगड पोखरून आत चक्र कोरतो. झिजलेल्या शाळिग्रामात भिंतीमागून भिंत छेदत गेलेली ती नळी ज्याने पाहिली, त्यालाच असा किडा सुचला असणार. आत खोल्या आहेत आणि त्यांतून काहीतरी आरपार गेलंय, एवढं निरीक्षण त्या कथेत आहे असं मला वाटतं. ते 'शंख' लिहिणाऱ्यापेक्षा खूपच बरं.

दुसरं नावही सोडवत नाही. इजिप्तचा देव आमोन, त्याला मेंढ्याची वळलेली शिंगं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी 'आमोनच्या शिंगा'बद्दल सांगतो की तो इथिओपियातला पवित्र दगड, सोनेरी रंगाचा, भविष्याची स्वप्नं पाडणारा. अमोनाइट हा शब्द त्यातूनच आला. अमोनियाही त्याच देवाचा, कारण प्राचीन लिबियातल्या, म्हणजे आजच्या इजिप्तमधल्या, त्याच्या देवळाजवळून येणारं ते आमोनचं मीठ. आपल्याकडे कल्हईवाला वापरतो तो नवसागर रसायनशास्त्रात अमोनियम क्लोराइड आहे. म्हणजे कल्हई आणि शाळिग्राम इजिप्तच्या एका देवळात भेटतात!

प्लिनीचा 'सोनेरी' शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडेही सोन्याची झाक असलेल्या शाळिग्रामाला हिरण्यगर्भ म्हणतात. बहुधा दोन्हीकडे पायराइट असावं, लोखंड आणि गंधकाचं चमकदार खनिज. तुमच्या फोटोतली चमकही बहुतेक तीच. ती फार बोलते. कवच तळाच्या बारीक चिखलात पुरलं गेलं, त्या चिखलात प्राणवायू नव्हता. अशा ठिकाणी सडण्याचं काम करणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. चिखलातलं लोह त्याला मिळालं की पायराइट बनतं. खडकाचा काळेपणाही न सडलेल्या सेंद्रिय द्रव्याचा.

गोटा मुळात गोल का, याचंही उत्तर त्याच सडण्यात आहे. कुजण्यामुळे आसपासच्या पाण्याचं रसायन बदललं, गाळाच्या कणांमध्ये खनिजं साचली आणि कवचाभोवती टणक गोळा झाला, वरच्या थरांचं ओझं पडायच्या आत. म्हणून तुमचा अमोनाइट फुगीर राहिला. त्याच चिखलाच्या थराथरांनी बनलेल्या शेल खडकात गोट्याबाहेर राहिलेली कवचं अनेकदा पापडासारखी चपटलेली मिळतात.

पण एक घोळ टाळा. हा चिखल प्राण्याच्या मरणाचा पत्ता आहे, जगण्याचा नव्हे. अमोनाइट वरच्या, हवेशीर पाण्यात पोहत असेल आणि मेल्यावर खाली बुडाला असेल. वायूने भरलेलं रिकामं कवच दूरवर वाहतही जाऊ शकतं, आजही समुद्रात असलेल्या, अशाच खोल्यांच्या नॉटिलसची जातात तशी. त्यामुळे खात्रीने म्हणायचं ते एवढंच, की भारतीय भूखंडाच्या उत्तरेला टेथिस समुद्र होता आणि सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळावर संथ, लाटांच्या तडाख्यापासून दूरचा चिखल साचत होता. नंतर हिमालय उचलला गेला आणि तो चिखल आता 3,700 मीटरवरच्या मुक्तिनाथच्या परिसरात आहे. नदीपात्रात मिळालेला गोटा तर वरून कुठून तरी घरंगळत आलेला, त्याच्या शेजारच्या वाळूवरून काहीही ठरवू नये.

त्या बाजूला कोरलेले गोटेही विकतात. कोरलेल्या चक्रात कंगोरे एकसारखे, हत्याराच्या खुणांचे आणि शिवणींविना असतात, आणि दुसऱ्या अर्ध्यातला ठसा कंगोऱ्याला कंगोरा जुळत नाही. मित्राला सांगा, दोन्ही अर्धे शेजारी ठेवून, बाजूने तिरपा उजेड घेऊन, जवळ एक नाणं ठेवून पुन्हा फोटो काढ. बाहेरची कडही हवी, नळी तिथेच असते. आणि खाली लिही, 'अमोनाइटचा जीवाश्म'. देवघरात ठेवला तर शाळिग्राम, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'शालि' लिहिणाऱ्यांबद्दल.